भरलेली फी आणि कापलेले पैसे

मागच्या वर्षीच्या मार्चातली गोष्ट आहे, म्हणजे सन २०२५ ची. संध्याकाळी आमचा वर्ग सुरू होता. तात्या उशिरा आले. एका हातात बँकेचे पासबुक होते, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद. बसता बसताच म्हणाले, "गुरुजी, आज धडा राहू द्या. माझं हे आधी वाचून द्या. पोरीच्या परीक्षेचे पैसे परत मागायचेत."

आम्ही म्हटले, "तात्या, वाचून आम्ही देणार नाही. तुम्ही वाचा, आम्ही शेजारी बसतो." त्या दिवशी तोच धडा झाला. तो तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून इथे लिहीत आहोत.

तात्यांची धाकटी मुलगी बारावीला होती. डॉक्टरकीच्या शिक्षणाला जायचे तर 'नीट' नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा साऱ्या देशात एकाच दिवशी होते. सन २०२५ मध्ये ती ४ मे रोजी होती. अर्ज भरायला ७ फेब्रुवारी ते ७ मार्च असा एक महिना दिला होता. खुल्या वर्गासाठी फी होती १७०० रुपये.

तात्या ३ मार्चला मुलीला घेऊन तालुक्याला गेले. तिथल्या ऑनलाइन केंद्रात अर्ज भरला. फी तात्यांच्या मोबाइलवरून, यूपीआयने, त्यांच्याच खात्यातून गेली. अर्ज भरणाराने आपली मजुरी वेगळी घेतली.

पुढे बारावीचे पेपर संपत आले तसे मुलीचे मन बदलले. ती म्हणाली, "आबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. मला शेतीचं शिकायचंय. त्याची सीईटी वेगळी असते, तिचा अर्ज मी भरलाय." तात्या समजूतदार. पोरीवर रागावले नाहीत. पण १७०० रुपये म्हणजे त्यांची चार-पाच दिवसांची मजुरी. ते म्हणाले, "परीक्षाच द्यायची नाही, तर पैसे कशाला सोडायचे? माघार घेऊ आणि फी परत मागू."

त्यांना धीर आला होता तो शेजाऱ्यांमुळे. शेजारच्या आक्कांच्या मुलाने आदल्या वर्षी एका कॉलेजातला प्रवेश रद्द केला होता. त्याला पैसे परत मिळाले होते. शिवाय तालुक्याच्या स्टँडजवळ एक जण भेटला होता. "पाचशे रुपये द्या, फी काढून देतो," असे तो म्हणाला होता.

आता एकेक गोष्ट नीट पाहू.

फी परत मिळते का?

तात्यांच्या हातातला घडी घातलेला कागद म्हणजे अर्जाची शेवटची प्रत होती. तिला कन्फर्मेशन पेज म्हणतात. फी पोचली की मगच हे पान निघते. पान निघाले म्हणजे अर्ज पुरा झाला आणि फी जमा झाली.

प्रत्येक परीक्षेचे एक माहितीपत्रक असते. अर्ज सुरू होताना ते परीक्षेच्या वेबसाइटवर लागते. ते लांबलचक असते, म्हणून कुणी वाचत नाही. पण त्यात फीचा भाग शोधून तेवढा तरी वाचावा. नीटच्या माहितीपत्रकात लिहिलेले होते की, एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. अर्ज भरताना आपण खाली एक खूण करतो, 'मला नियम मान्य आहेत' अशी. त्या खुणेने हा नियमही आपण मान्य केलेला असतो.

तात्यांनी विचारले, "पण पोरगी परीक्षेला बसणारच नाही. मग त्यांचा खर्च कसला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे. सन २०२५ च्या नीटला सुमारे २२ लाख ७६ हजार मुलांनी नोंदणी केली. प्रत्यक्ष बसली सुमारे २२ लाख ९ हजार. म्हणजे साठ हजारांहून जास्त मुले आलीच नाहीत. पण कोण येणार नाही हे आधी कुणाला ठाऊक? नीटची ती परीक्षा कागदावर झाली. प्रत्येक नावामागे एक प्रश्नपत्रिका छापावी लागते, एक बाक ठेवावा लागतो, पर्यवेक्षक नेमावा लागतो. लग्नात पंगतीचा अंदाज घेऊन अन्न शिजवतात, तसेच हे. पाहुणा आला नाही, तरी अन्न शिजलेलेच असते.

मग आक्कांच्या मुलाला पैसे कसे मिळाले? तेही खरे आहे. पण ती फी कॉलेजच्या प्रवेशाची होती. प्रवेश रद्द केल्यावर कॉलेजाने फी कशी आणि किती परत द्यावी, याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेले आहेत. मुलगा गेला की ती जागा दुसऱ्याला देता येते. परीक्षेच्या फीला तो नियम लागत नाही. दोन्हींना आपण 'फी' म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

सगळ्या परीक्षांचा नियम एकच नसतो

तरीही "फी कधीच परत मिळत नाही" असे पाठ करू नका. नियम परीक्षेगणिक वेगळा असतो.

इंजिनिअरिंगसाठी 'जेईई मेन' ही प्रवेश परीक्षा आहे. सन २०२१ मध्ये ती एका वर्षात चार वेळा ठेवली होती. काही मुलांनी चारही वेळांची फी एकदमच भरली. पहिल्या वेळी चांगले गुण पडले आणि पुढे बसायचे नसेल, तर पुढच्या वेळांची फी मागून घेण्याची सोय त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिली होती. सोय लिहिलेली होती, म्हणून मागता येत होती.

रेल्वेच्या नोकरभरतीचा नियम तर उलटाच आहे. सन २०१८ पासूनच्या जाहिरातींत असे आले आहे की, ५०० रुपये फी भरणारा उमेदवार पहिल्या परीक्षेला बसला, तर बँकेचा खर्च वजा करून ४०० रुपये त्याला परत मिळतात. घरी बसला, तर काहीच मिळत नाही. म्हणजे तिथे माघार घेणाराचे पैसे जातात आणि बसणाराचे परत येतात.

म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. आपल्या परीक्षेचे, त्याच वर्षीचे माहितीपत्रक पाहावे.

कज्जा करून मिळतील का?

वर्गात एक जण म्हणाले, "ग्राहक न्यायालयात जाऊ. पैसे घेतलेत, सेवा दिली नाही."

हा रस्ताही बंद आहे. बिहारमधल्या एका मुलाला आणि दुसऱ्या एका मुलाला परीक्षा मंडळाने एकच बैठक क्रमांक दिला होता. त्याचा निकाल अडकला. बापाने ग्राहक न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सन २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, परीक्षा घेणारे मंडळ दुकानदारासारखे सेवा विकत नाही, परीक्षेची फी ही सेवेची किंमत नव्हे, आणि परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. तिथे तर मंडळाची चूक होती. आपण तर स्वतःहून माघार घेत आहोत. अशा कज्जासाठी वकिलाला पैसे देणे म्हणजे १७०० च्या मागे आणखी पैसे घालवणे.

स्टँडवरचा माणूसही तेच करणार होता. जी फी नियमानेच परत येत नाही, ती तो कुठून आणणार? तो आपले पाचशे घेऊन जाणार.

पासबुकात काय निघाले

इतके ऐकून तात्या उठू लागले. आम्ही म्हटले, "थांबा. पासबुक आणलंय ना? ३ मार्चच्या ओळी वाचा."

तात्यांनी बोट ठेवून वाचले. "तीन मार्च. यूपीआय. सतराशे." पुढची ओळ वाचली आणि थबकले. "तीन मार्च. यूपीआय. सतराशे. गुरुजी, हे दोनदा कसं?"

मग त्यांना आठवले. पहिल्यांदा पैसे पाठवले तेव्हा मोबाइलची रेंज गेली होती. केंद्राच्या पडद्यावर फी जमा झाल्याचे आले नाही. केंद्रवाला म्हणाला, "पुन्हा मारा." तात्यांनी पुन्हा पिन घातला. या वेळी फी जमा झाली आणि कन्फर्मेशन पेज निघाले. पण पहिल्यांदाचे १७०० सुद्धा खात्यातून कापले गेले होते. एकूण गेले ३४०० रुपये.

आता इथे दोन वेगवेगळ्या रकमा आहेत, हे ध्यानात घ्या. दुसरे १७०० ही भरलेली फी आहे. ती पोचली. ती परत येणार नाही. पहिले १७०० हे नुसते कापलेले पैसे आहेत. ते परीक्षेच्या खात्यापर्यंत पोचलेच नाहीत. ते तात्यांचेच आहेत. मुलगी परीक्षेला बसो की न बसो, ते परत आलेच पाहिजेत.

यासाठी रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. यूपीआयने कुठे पैसे भरले, खात्यातून रक्कम कापली, पण घेणाराकडे पावती झाली नाही, तर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत जमा झाली पाहिजे. पाच दिवस उलटले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला द्यायची आहे.

हिशेब करू. पैसे कापले ३ मार्चला. पाच दिवस म्हणजे ८ मार्चपर्यंत ते यायला हवे होते. तात्या आमच्याकडे आले ११ मार्चला. तोवर आलेले नव्हते.

दोन्ही व्यवहार घेणाराकडे पोचले, तर काय? मग ती फी दोनदा भरली गेली. तेव्हा मागणी बँकेकडे नाही, परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे करावी लागते, आणि तिला पाच दिवसांचा हा नियम लागत नाही. कोणते झाले आहे, हे मोबाइलमधल्या व्यवहाराच्या नोंदीवरून आणि बँकेत विचारून कळते. तात्यांच्या मोबाइलात पहिल्या व्यवहारापुढे 'अयशस्वी' असे आले होते.

अर्ज असा लिहिला

दुसऱ्या दिवशी, १२ मार्चला, तात्यांनी स्वतःच्या हाताने बँकेला अर्ज लिहिला. दोन प्रती केल्या. एक बँकेत दिली, दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतली. अर्ज असा होता.

मा. शाखाधिकारी साहेब यांस,

माझा खाते क्रमांक ............ आहे. दि. ३ मार्च २०२५ रोजी मी यूपीआयने परीक्षेची फी रु. १७०० भरत होतो. पहिला व्यवहार पुरा झाला नाही, पण खात्यातून रु. १७०० कापले गेले. त्याचा बारा आकडी व्यवहार क्रमांक ............ आहे. त्यानंतर दुसरा व्यवहार पुरा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पहिल्या व्यवहाराचे रु. १७०० आजवर परत आलेले नाहीत. ते माझ्या खात्यात जमा करावेत. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० सप्टेंबर २०१९ च्या आदेशाप्रमाणे पाच दिवसांनंतरच्या उशिराची भरपाई रोज रु. १०० प्रमाणे द्यावी.

सोबत पासबुकाच्या पानाची प्रत जोडली आहे.

आपला,
(सही)

या अर्जात मुलीने माघार घेतल्याचा एक शब्दही नाही. ते मुद्दाम वगळले. "मुलगी परीक्षेला बसत नाही, पैसे परत द्या" असे लिहिले असते, तर "फी परत मिळत नाही" एवढेच उत्तर आले असते आणि हक्काचे १७०० सुद्धा त्यात बुडाले असते. मागणी कशाची आहे, ते नेमके लिहावे.

होळी झाली, धूळवड झाली. मंगळवारी, १८ मार्चला, १७०० रुपये खात्यात आले. ९ मार्चपासून १८ मार्चपर्यंत दहा दिवस उशीर. त्याचे १००० रुपये आणखी काही दिवसांनी वेगळ्या ओळीत जमा झाले.

बँकेने ऐकलेच नाही, किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा फोन क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. म्हणून शिक्क्याची ती प्रत जपून ठेवावी.

दोन गोष्टींची सावधगिरी बाळगा. पहिली. पैसे ज्या खात्यातून गेले, त्याच खात्यात परत येतात. केंद्रवाल्याने त्याच्या खात्यातून फी भरली आणि तुम्ही त्याला रोख दिले, तर परत आलेली रक्कम त्याच्याकडे जाईल. म्हणून फी आपल्या किंवा घरच्या खात्यातून भरावी. दुसरी. "तुमचा परतावा आलाय, पिन टाका" असा फोन आला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे देताना पिन लागतो, घेताना लागत नाही.

माघार घ्यायची तर केव्हा?

नीटच्या अर्जात माघारीसाठी वेगळा अर्ज नव्हता. परीक्षेला न जाणे हीच माघार. त्याचा दंड नाही. पुढच्या वर्षी मन झाले, तर नवा अर्ज आणि नवी फी भरून बसता येते.

पण पैसे वाचवायचे, तर माघारीची वेळ फी भरण्याच्या आधीची आहे. अर्ज पायरीपायरीने भरतात. आधी नाव नोंदवतात, मग माहिती लिहितात, मग फोटो आणि सही चढवतात, आणि शेवटी फी. फीच्या पायरीच्या आधी थांबलात, तर परीक्षेचा एक पैसाही जात नाही. म्हणून मन डळमळत असेल, तर नाव नोंदवून ठेवावे आणि फीला शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधीपर्यंत थांबावे. अगदी शेवटच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशी गर्दीने वेबसाइट अडकते आणि असेच अर्धवट व्यवहार होतात.

तात्यांची एक शंका उरली होती. "सतराशे तर गेलेच. मग वसूल व्हावेत म्हणून पोरीला परीक्षेला बसवू का?"

आम्ही विचारले, "बसली तर ते परत येतील का?"

"नाही."

"नाही बसली तर?"

"तरी नाही."

"मग त्यांना हिशेबातून काढा. आता फक्त पुढचा खर्च पाहा. परीक्षेचं शहर लांब आलं, तर दोघांचं जायचं-यायचं भाडं, एक रात्र, तुमची मजुरी. आणि पोरीचे सीईटीच्या अभ्यासाचे दिवस."

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग पासबुक मिटून म्हणाले, "तिला शेतीचंच करू द्या."

आता ही उत्तरे लिहा

१. तात्यांचे ३४०० रुपये गेले. त्यांपैकी कोणते १७०० परत आले आणि का?

२. ६ तारखेला यूपीआयचा व्यवहार फसला. पैसे त्याच महिन्याच्या १५ तारखेला परत आले. किती दिवसांचा उशीर झाला? भरपाई किती होईल?

३. तुमच्या पासबुकातल्या शेवटच्या तीन ओळी वाचा. प्रत्येक ओळीची तारीख, रक्कम आणि पैसे आले की गेले, ते वहीत लिहा.

४. वरचा अर्ज पाहून, आपल्या बँकेला तसाच एक अर्ज लिहा.

नवे शब्द

परतावा – परत मिळणारे पैसे.
माहितीपत्रक – परीक्षेचे सगळे नियम ज्यात छापतात ते पुस्तक किंवा कागद.
व्यवहार क्रमांक – पैसे पाठवताना त्या एका देवघेवीला मिळणारा आकडा.
पोच – कागद मिळाल्याची खूण; शिक्का, सही आणि तारीख.